मदत हवी आहे: जर्मनीचा स्टुडंट व्हिसा, बी.ई. नंतर ४३ महिन्यांची गॅप कशी दाखवू?

खानापूरचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात मेकॅनिकल केलं, व्हीटीयू, २०१७ ची अ‍ॅडमिशन. जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीत मास्टर्सला प्रवेश मिळालाय, वर्ग ऑक्टोबरपासून. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे कॉलेजचे कागद तपासल्याचा जर्मन दूतावासाच्या केंद्राचा दाखला, हातात आहे. आता व्हिसाची फाईल लावतोय आणि सीव्हीवर येऊन अडकलोय.

कॉलेज ऑगस्ट २०२१ ला संपलं. पहिली पगाराची नोकरी एप्रिल २०२५ ला, उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये. मधले ४३ महिने सीव्हीवर कोरे दिसतात. खरं तर बसून नव्हतो. थोडे दिवस एमपीएससीचा अभ्यास केला (आमचं गाव सीमाभागातल्या ८६५ गावांत येतं, म्हणून महाराष्ट्राची परीक्षा देता येते). मग ऑक्टोबर २०२२ मध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. घरचं किराणा दुकान मीच चालवलं, ऑगस्ट २०२४ ला धाकटा भाऊ बी.कॉम. होईपर्यंत. पण घरच्या दुकानात पगार कुठला आणि एक्सपिरियन्स लेटर कोण देणार?

बेळगावातला एक एजंट म्हणतो, "पंधरा हजार द्या, बेंगळुरूच्या कंपनीचं तीन वर्षांचं लेटर लेटरहेडवर आणून देतो, सगळे तेच करतात." घरचे म्हणतात देऊन टाक. मला रात्री झोप लागत नाही. खरं लिहिलं तर चालेल का? आणि लिहायचं कसं?

उद्यमबाग_बॉईज

टेन्शन घेऊ नको गा. कोर्टासमोर नोटरीकडे जा, ई-स्टॅम्पवर गॅप अ‍ॅफिडेव्हिट करून घे, अर्ध्या तासाचं काम. माझ्या बहिणीच्या कोल्हापूरच्या अ‍ॅडमिशनला तेच लावलं होतं. आणि समजा रिजेक्ट झालंच तर रेमॉन्स्ट्रेशनचं, म्हणजे नकारावर फेरविचार करा असं पत्र त्यांनाच टाकायचं, त्यात सगळं सविस्तर सांगायचं. माझा रूममेट २०२३ मध्ये तसाच गेला.

सुलभा_निपाणी

माझंही असंच झालंय हो. मुलीच्या वेळी शाळेतली नोकरी सोडली, पाच वर्षं घरी. आता अर्ज केला की मुलाखतीत पहिला प्रश्न तोच. मी सरळ सांगते, मूल लहान होतं म्हणून घरी होते. एका ठिकाणी प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, "मग आता मूल मोठं झालं का?" काय बोलायचं यावर? तुम्हाला कोणत्या शाळेत अर्ज करायचाय ते लिहा, मी चौकशी करते.

खानापूरचा_पोऱ्या

सुलभाताई, शाळा नाही, परदेशी शिक्षणाचा व्हिसा आहे. पण तुमचं वाचून बरं वाटलं.

ऱ्हाईनकाठचा_बेळगावकर

मी टिळकवाडीचा, बरीच वर्षं जर्मनीत आहे. गावाकडच्या पोरांच्या फायली वाचून देतो, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी रेमॉन्स्ट्रेशन. उद्यमबाग, तुमच्या रूममेटच्या वेळी ती सोय होती. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने व्हिसासाठी ती बंद केली. आता नकार आला तर नवा अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं. ऑक्टोबरला वर्ग असलेल्या पोराला दोन्ही परवडत नाही. म्हणून जे सांगायचं ते पहिल्याच फायलीत सांगून मोकळं व्हायचं.

अ‍ॅफिडेव्हिट कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला चालतं, कारण तिथे तो नुसता एक रकाना असतो. व्हिसा अधिकाऱ्याला त्यातून कळतं एवढंच की तुम्हीच तुमच्याबद्दल काहीतरी म्हणताय. लावलं तर पाप नाही, पण त्याच्या जिवावर राहू नका.

आता पोऱ्या, तुला एक विचारतो, खरं सांग. ऑगस्ट २०२१ ला सगळे विषय सुटले होते का?

खानापूरचा_पोऱ्या

नाही दादा. दोन विषय बॅक होते. मार्च २०२२ च्या निकालात सुटले. ते सीव्हीवर यायला नको म्हणून मी "२०२१ पासआउट" लिहिलंय. बॅच तीच आहे ना.

ऱ्हाईनकाठचा_बेळगावकर

वाटलंच मला. अरे, ज्या गोष्टीची लाज वाटते तीच तुझे सात महिने वाचवतेय! बॅक विषय लपवून काय मिळालं? ते मार्क्सकार्डावर परीक्षेच्या महिन्या-वर्षासकट छापलेले आहेत, एपीएसने ती कार्डं तपासलीत, व्हिसाच्या फायलीतही तीच जाणार. म्हणजे बॅक तर दिसणारच, वर सीव्हीतली तारीख आणि मार्क्सकार्डावरची तारीख जुळणार नाही. गॅपपेक्षा हे वाईट. गॅप असली तर अधिकारी कारण शोधतो. तारखा जुळल्या नाहीत तर तो बाकीची पानंही संशयाने वाचायला लागतो.

सीव्हीत शिक्षणाच्या ओळीत "ऑगस्ट २०१७ ते मार्च २०२२" लिही. पीडीसीवरची, म्हणजे प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेटवरची, तारीख काय आहे तेही बघून ठेव.

आता राहिलेले महिने मोज. जर्मन पद्धतीच्या सीव्हीत महिना-वर्ष लिहितात, आणि एका ओळीचा शेवट आणि पुढच्या ओळीची सुरुवात लागून असावी लागते. नुसतं "२०२२–२०२४" लिहिलं की लपवतोय असं वाटतं. तुझं असं होतं:

मार्च २०२२ पर्यंत शिक्षण. एप्रिल ते सप्टेंबर २०२२, सहा महिने, स्पर्धा परीक्षा. ऑक्टोबर २०२२ ते ऑगस्ट २०२४, तेवीस महिने, वडिलांचं आजारपण आणि दुकान. त्यानंतर सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ काय केलंस ते तू लिहिलं नाहीस.

खानापूरचा_पोऱ्या

सॉलिडवर्क्सचा क्लास आणि जर्मन ए२. क्लासच्या फीच्या पावत्या आहेत, सर्टिफिकेट आहे. हे गॅपमध्ये धरायचं नसतं हे डोक्यातच आलं नाही. पण दुकानाचं काय? परवाना बाबांच्या नावावर, तोही कन्नडमध्ये.

ऱ्हाईनकाठचा_बेळगावकर

दुकानात क्यूआर कोणाचा लावला होता?

खानापूरचा_पोऱ्या

माझाच. बाबांचा उजवा हात चालत नव्हता, त्यांना फोन हाताळता येत नव्हता. नोव्हेंबर २०२२ ला माझ्या खात्यावर क्यूआर काढून गल्ल्याजवळ चिकटवला. अजून तोच आहे, कोपरे तेलकट झालेत.

ऱ्हाईनकाठचा_बेळगावकर

मग पंधरा हजाराचं लेटर कशाला हवंय तुला? बँकेचं स्टेटमेंट काढ. रोज वीस-पस्तीस-साठ रुपयांच्या पंधरावीस नोंदी, आणि दर आठवड्याला रविवार पेठेतल्या होलसेलवाल्याला गेलेली मोठी रक्कम. असलं स्टेटमेंट किराणा दुकानाशिवाय कोणाचं नसतं. सगळं जोडू नको, दोनशे पानं होतील. सुरुवातीचा एक महिना, मधला एक, शेवटचा एक. त्याच महिन्यांतली होलसेलची दोन-तीन बिलं. आणि परवाना, इंग्रजी भाषांतरासकट.

दवाखान्याचं डिस्चार्ज समरीचं एक पान पुरे. एमआरआय, औषधांच्या चिठ्ठ्या, फोटो नकोत. अधिकाऱ्याला तारीख आणि आजार कळला की झालं, आणि बाबांना विचारून मगच लाव. त्यावरचं बाबांचं नाव आणि तुझ्या पासपोर्टावरचं बाबांचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघ. आपल्याकडे कन्नड टायपिस्ट 'त' ला टी-एच लावतात, तिथे हमखास फरक निघतो.

खानापूरचा_पोऱ्या

आत्ता बघितलं. पासपोर्टावर मारुती साधा टी, डिस्चार्जवर टी-एच! आणि माझ्या जन्मदाखल्यावर बेलगाम, पासपोर्टावर बेळगावी.

उद्यमबाग_बॉईज

बेलगामचं अ‍ॅफिडेव्हिट करावंच लागेल बघ.

ऱ्हाईनकाठचा_बेळगावकर

त्याची गरज नाही. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्याआधीच्या कागदावर जुनंच नाव असणार. बाबांच्या नावासाठी मात्र दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात आधार घेऊन जा, दुरुस्त करून देतात. नाही दिलं तर "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं अ‍ॅफिडेव्हिट. इथे ते कामाचं आहे.

चंदगडी

मध्येच बोलतो, माफ करा. कन्नड भाषांतराची भानगडच नको असेल तर मामाचा पत्ता दाखव की चंदगडचा. महाराष्ट्रातून मुंबईला फाईल जाते, कागद मराठीत.

ऱ्हाईनकाठचा_बेळगावकर

मराठी कागदाचंही भाषांतर लागतंच, मग फायदा काय? आणि तू जिथे खरोखर राहतोस तिथलीच कॉन्सुलेट. कर्नाटकात राहणाऱ्याची बेंगळुरू. एका खोट्यातून सुटायला दुसरं कशाला?

एजंटच्या लेटरबद्दल शेवटचं. तीन वर्षं बेंगळुरूत पूर्ण वेळ नोकरी, पण पीएफ नाही, खात्यावर एकही पगार नाही, आणि त्याच महिन्यांत खानापुरात रोज किराण्याचे पैसे जमा. तुझ्या शैक्षणिक कर्जाच्या अर्जात तू काय लिहिलंयस?

खानापूरचा_पोऱ्या

घरचं दुकान सांभाळत होतो असंच लिहिलंय.

ऱ्हाईनकाठचा_बेळगावकर

मग झालंच. बँकेला एक आणि कॉन्सुलेटला दुसरं. व्हिसाच्या फॉर्मवर माहिती खरी असल्याची सही तूच करणार, एजंट नाही. पकडलं गेलं तर नकार, आणि तिथे पोचल्यावर कळलं तरी व्हिसा रद्द होऊ शकतो.

मोटिव्हेशन लेटरमध्ये गॅपला एकच परिच्छेद दे, साधारण असा, इंग्रजीत तू कर: "शेवटचे दोन विषय मार्च २०२२ मध्ये उत्तीर्ण झालो. त्यानंतर सहा महिने राज्यसेवेची तयारी केली, यश आलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ऑगस्ट २०२४ पर्यंत मी घरचं किराणा दुकान चालवलं. भावाने दुकान हाती घेतल्यावर सॉलिडवर्क्स आणि जर्मन शिकलो आणि एप्रिल २०२५ पासून मशीन शॉपमध्ये काम करतो." मग लगेच कोर्सकडे वळ. दुकानातून मॅनेजमेंट शिकलो, लीडरशिप शिकलो, असलं काही लिहू नको. बाबांच्या आजारावर रडगाणंही नको. त्या शॉपमध्ये काय करतोस आणि या कोर्सची गरज का पडली, यावर पानाचा बाकी भाग जाऊ दे, कारण खरा प्रश्न तोच असतो: इतक्या दिवसांनी अभ्यास झेपेल का?

उद्यमबाग_बॉईज

एमपीएससीचं मात्र लिहू नको, मला पटत नाही. सरकारी नोकरी हवी होती, नाही मिळाली म्हणून परदेशी चालला, असं दिसतं.

ऱ्हाईनकाठचा_बेळगावकर

त्यात तथ्य आहे. सहा महिने कोरे ठेवण्यापेक्षा लिहिलेलं बरं असं माझं मत, पण "यश आलं नाही" हे वाक्य गाळलं तरी चालेल. हॉलतिकीट आहे का?

खानापूरचा_पोऱ्या

ईमेलमध्ये पीडीएफ सापडलं. ते लावू की नुसतं लिहू, ठरत नाहीये.

बाकी एजंटला नाही म्हणून सांगितलं. आई थोडी नाराज आहे. स्टेटमेंट काढायला बँकेत गेलो तर बाई विचारतात, एवढ्या नोंदी, कोणाचं दुकान? म्हटलं आमचंच. उद्या दवाखान्यात जातोय, त्या टी-एचसाठी.

सुलभा_निपाणी

कन्नड भाषांतर करून देणारं खात्रीचं कोणी बेळगावात असेल तर मलाही सांगा हो, माझी सर्व्हिस सर्टिफिकेटं कन्नडमध्येच आहेत.