तिन्ही क्लाउडचा तक्ता पाठ करून मुलाखत निभावते का?

कर्वेनगरची: माझी एडब्ल्यूएसची असोसिएट परीक्षा झालीये. पुण्यातल्या जाहिरातींत आता अझूर आणि जीसीपीही मागतात. कोणत्या सेवेला दुसरीकडे काय म्हणतात, एवढा तक्ता पाठ केला तर पुरेल का?

हिंजवडी_फेज२: पुरेल. मी तसंच करून एझेड-९०० पास झालो. व्हीपीसी म्हणजे व्हीनेट, ईसी२ म्हणजे व्हर्च्युअल मशीन. बाकीचं कामावर गेल्यावर येतं.

खराडीकर: एझेड-९०० ला ठीक, पण मुलाखतीत याच व्हीपीसीच्या ओळीवर मुलं अडकतात. मी मुलाखती घेतो, म्हणून सांगतो. एडब्ल्यूएसमध्ये एक सबनेट एकाच झोनमध्ये असतं, त्यामुळे दोन झोन हवे तर दोन सबनेट करावीच लागतात. तीच सवय घेऊन एका उमेदवाराने अझूरच्या Central India मध्ये (तो रीजन आपल्या पुण्यातलाच) दोन सबनेट काढली, प्रत्येकात एक मशीन ठेवलं आणि म्हणाला, एक झोन पडला तरी दुसरं चालू राहील. अझूरमध्ये सबनेट रीजनभर पसरलेलं असतं. झोन ठरतो तो मशीन बनवताना, आणि त्याने तो निवडलाच नव्हता. म्हणजे दोन्ही मशीन एकाच डेटासेंटरमध्येही असू शकतात. मशीनच्या पानावर Availability zone समोर आकडा नसेल तर समजायचं, ही चूक झालीये.

वारजे_नाका: मग जीसीपी सर्वांत सोपं. तिथे व्हीपीसी जगभर एकच, मुंबईचं मशीन दिल्लीच्या मशीनशी थेट बोलतं. एडब्ल्यूएससारखं मुंबई-हैदराबाद पीअरिंग करायला नको.

खराडीकर: पीअरिंग नको, हे बरोबर. "थेट बोलतं" हे अर्धंच. आयतं मिळणारं default नेटवर्क असेल तर बोलेल, कारण आतल्या वाहतुकीला परवानगी देणारा नियम त्यात आधीच असतो. स्वतः बनवलेल्या नेटवर्कमध्ये आत येणारं सगळं बंद असतं. रूट दिसतो, पण जोडणी टाइमआउट होते आणि माणूस तासभर रूटच तपासत बसतो. मुंबईचं सबनेट 10.10.0.0/20 असेल आणि डेटाबेस दिल्लीत असेल, तर एवढं लागतं:

```
gcloud compute firewall-rules create mumbai-to-db \
  --network=app-net --allow=tcp:5432 \
  --source-ranges=10.10.0.0/20
```

औंधची_आई: माझ्या मुलाने तिन्ही परीक्षांचे पैसे भरलेत, अजून एकही कॉल नाही. आधी कोणती द्यावी?

खराडीकर: ताई, एकच नीट होऊ द्या. बाकी दोन्हींत हेच एक नेटवर्क स्वतः उभं करून बघायला सांगा.

हिंजवडी_फेज२: फ्रेशरला एवढं कोणी विचारत नाही हो. कॉल येतो तो बायोडेटातल्या नावांवरूनच.

खराडीकर: कॉल येईल, ते मान्य. मी मात्र फ्रेशरलाही हा झोनचा प्रश्न विचारतो.

कर्वेनगरची: तक्त्यात व्हीपीसीपुढे आता "सबनेट किती दूर पसरतं" असा रकाना वाढवला: झोन, रीजन, रीजन. जीसीपीतही सबनेट रीजनपुरतंच ना?

खराडीकर: हो. नेटवर्क जगभर, सबनेट रीजनपुरतं. आता असाच रकाना सिक्युरिटी ग्रुपपुढे कर. एडब्ल्यूएसच्या ग्रुपमध्ये नकाराचा नियम लिहिता येत नाही, अझूरच्या एनएसजीत येतो.