शब्दचर्चा : व्यंगचित्राचं ‘लक्ष्य’ म्हणावं की ‘रोख’?

दौतटाक
इतिहासाच्या स्रोताधारित प्रश्नांचा एक संच मराठीत आणते आहे आणि एका प्रश्नावर तीन दिवस अडकले आहे. स्रोत आहे ‘पंच’ या ब्रिटिश साप्ताहिकात १० डिसेंबर १९१९ ला छापून आलेलं लेनर्ड रेव्हन-हिल यांचं व्यंगचित्र. एक दगडी कमानीचा पूल आहे. त्याच्या दगडांवर फ्रान्स, बेल्जियम, इंग्लंड, इटली अशी नावं आहेत. कमानीच्या बरोबर मधला दगड जागेवर नाही. तो बाजूला पडला आहे, त्यावर अमेरिकेचं नाव आहे आणि त्यालाच रेलून अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिका, सिगार ओढत बसला आहे. शेजारी पाटी आहे : हा राष्ट्रसंघाचा पूल अमेरिकेच्या अध्यक्षांनी आखला.

प्रश्न असा केला आहे : ‘चित्रातील प्रतीके ओळखा, अर्कचित्रणाचा उपयोग स्पष्ट करा आणि चित्राचे लक्ष्य कोण ते पुराव्यासह लिहा.’ यातला ‘लक्ष्य’ मला खटकतो आहे. शिवाय ‘द गॅप इन द ब्रिज’ या चित्राच्या नावाचं मी ‘पुलातलं खिंडार’ केलं आहे, तेही बघा.

निळी शाई
लक्ष्य स्पष्ट आहे की. ‘पंच’ लंडनहून निघायचं, म्हणजे लक्ष्य ब्रिटिश वाचक. अमेरिका आली नाही तर काय होईल, हे त्यांना सांगायचं होतं. यात अडचण कसली?

पाटीपेन्सिल
निळी शाई, तुमचं उत्तर चुकीच्या प्रश्नाचं आहे, पण त्यात दोष तुमचा नाही, शब्दाचा आहे. ‘लक्ष्य’ म्हटलं की आता पहिल्यांदा ‘लक्ष्यगट’ आठवतो, म्हणजे ज्याच्यासाठी केलं तो. प्रश्नाला विचारायचा आहे तो ज्याच्यावर टीका केली तो. शिवाय ‘लक्ष्य गाठलं’ म्हणतो तेव्हा लक्ष्य म्हणजे ध्येय. एका शब्दाला तीन वाटा फुटत असतील, तर मुलं तिन्ही वाटांनी जाणार. मी बरीच वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, हे होतंच.

माझं मत ‘रोख’. ‘बोलण्याचा रोख माझ्याकडे होता’ हे घराघरात बोललं जातं आणि त्यात नेमकी ती आडून टोचण्याची छटा आहे. व्यंगचित्र समोरून नाव घेऊन शिवी देत नाही, रोख ठेवून बोलतं.

अनघा
रोख म्हणजे मुलांना रोकड वाटेल ना?

पाटीपेन्सिल
‘चित्रकाराच्या टीकेचा रोख कोणावर आहे?’ असं पूर्ण वाक्य केलं की वाटणार नाही. एकटा ‘रोख’ सोडू नये, हे मान्य.

दौतटाक
हे पटलं. मग याच चित्रात रोख कोणावर? मी उत्तरसूचीत ‘अध्यक्ष विल्सन’ लिहिलं होतं, कारण पाटीवर त्यांचाच उल्लेख आहे.

गिरीश
बरोबरच आहे तुमचं. राष्ट्रसंघाची कल्पना विल्सन यांनी लावून धरली आणि स्वतःच्या देशाला ते राजी करू शकले नाहीत. राष्ट्रसंघाचा करार ज्यात होता तो व्हर्सायचा तह १९ नोव्हेंबर १९१९ ला अमेरिकेच्या सिनेटने फेटाळला. चित्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं. सिनेटमधले विरोधक काही अटी घालून तह मान्य करायला तयार होते, पण विल्सन यांनीच आपल्या पक्षाला त्या अटींसकट मतदान करू नका म्हणून सांगितलं. म्हणजे खोळंबा त्यांनीही केला.

पाटीपेन्सिल
गिरीश, इतिहास तुम्ही बरोबर सांगितला, फक्त तो चित्रात नाही. स्रोताधारित प्रश्नात हीच मेख असते. आपल्याला ठाऊक असलेलं आपण चित्रात कोंबतो आणि मग ते चित्रानेच सांगितलं असं वाटायला लागतं.

चित्रात पाहा. विल्सन यांचा चेहरा कुठेच नाही. त्यांचं नावही पाटीवर नाही, आहे फक्त पद. आराम करतो आहे तो अंकल सॅम, आणि त्याने पाठ टेकली आहे ती नेमकी त्याच दगडाला जो पुलाला हवा आहे. दगड हरवलेला नाही, चोरीला गेलेला नाही. उचलून बसवला की पूल पुरा, आणि उचलू शकेल असा एकच माणूस तिथे आहे. टीकेचं वजन त्याच्या बसण्यावर आहे. पाटीचं काम वेगळं आहे : आखणी ज्यांच्या घरातून आली तेच हात राखून बसलेत, ही विसंगती ती दाखवते. पाटी झाकली तर अंकल सॅम नुसता आळशी दिसेल. पाटीमुळे तो शब्द मोडणारा होतो.

म्हणून मी उत्तर असं घेईन : रोख अमेरिकेवर, देश म्हणून. विल्सन यांना कोणी दुय्यम रोख म्हटलं आणि पाटीचा आधार दिला, तर मी गुण देईन. नुसतं ‘विल्सन’ लिहिलं तर पूर्ण देणार नाही.

गिरीश
दुय्यम का? पाटीवरचा देश आणि पाटीवरचे अध्यक्ष वेगळे कसे काढणार? ब्रिटिश वाचकाच्या डोळ्यांपुढे तेव्हा अमेरिका म्हणजे विल्सनच होते.

पाटीपेन्सिल
ते वाचकाच्या मनात. मी चित्रापुरतं बोलते आहे. पण तुमचा मुद्दा मी पूर्ण खोडू शकत नाही.

अनघा
माझ्या मुलाचा अनुभव सांगते. त्यालाही असाच प्रश्न आला होता, चित्र दुसरं. त्याने दोन पानं लिहिली. टोपीवर काय आहे, कोणाच्या हातात काय आहे, मागे ढग आहेत, सगळं. आठपैकी दोन गुण. तो अजून म्हणतो की मी काहीच सोडलं नव्हतं, आणि मला त्याला समजावता आलं नाही. प्रतीकं ओळखा म्हटल्यावर दिसेल ते सगळं प्रतीकच ना?

पाटीपेन्सिल
अनघाताई, मुलाने कष्ट घेतले आहेत, तेव्हा हे त्याला नक्की दाखवा. दिसणारी प्रत्येक गोष्ट प्रतीक नसते. मी मुलांना एक कसोटी देते : ती वस्तू मनातल्या मनात पुसून टाका आणि अर्थ बदलतो का पाहा. इथे मधला दगड पुसला तर चित्रच उरत नाही. अंकल सॅमची ताऱ्यांची टोपी पुसली तर तो कोण ते कळायला जड जाईल, म्हणजे टोपी ओळख पटवण्यापुरती. त्यावर ओळभर लिहायचं आणि पुढे जायचं.

मुलांची चूक बहुतेक वेळा क्रियापदात दिसते. दोन पानांत नुसतं ‘आहे, आहे, दिसतो’ येत असेल तर ते वर्णन. ‘म्हणजे’, ‘यातून सुचवलं आहे’ असं जिथे येतं तिथे वाचन सुरू होतं. ‘अंकल सॅम दगडाला टेकून बसला आहे’ याला गुण जवळपास नाहीत. ‘अंकल सॅम दगडाला टेकून बसला आहे, म्हणजे अमेरिकेला संघ पुरा करणं शक्य आहे पण ती करत नाही’ याला आहेत.

निळी शाई
मग सिगार? सिगार म्हणजे भांडवलदार, पैसेवाला. युद्धात अमेरिकेने पैसा केला, तो टोमणा असणार.

पाटीपेन्सिल
तुमचीच सिगार कसोटीला लावू. पुसली तर अंकल सॅम थोडा कमी निवांत दिसेल, एवढंच. पोट सुटलेला, उंच टोपीवाला माणूस पैशांच्या थैल्यांवर बसून सिगार ओढत असता, तर मी भांडवलदार मानला असता. इथे पैशाची दुसरी खूण नाही. प्रतीकाचा अर्थ शब्दकोशासारखा कायमचा ठरलेला नसतो, शेजारच्या वस्तू तो ठरवतात. इथे शेजारी अर्धवट काम आहे, म्हणून सिगार म्हणजे बेफिकिरी.

कुंचला
मी चित्रकार आहे, म्हणून ‘अर्कचित्रण’ या शब्दाबद्दल बोलते. प्रश्नात तो चुकीच्या जागी आला आहे. अर्कचित्र म्हणजे खऱ्या माणसाच्या चेहऱ्याचा अर्क काढायचा : जे ठळक आहे ते आटवून आणखी ठळक करायचं, बाकीचं सोडून द्यायचं. त्याला मुळात खरा चेहरा लागतो. अंकल सॅम कोणी जिवंत नेता नव्हे, देशाला दिलेलं माणसाचं रूप आहे. तेव्हा या चित्रात अर्कचित्रण जवळजवळ नाही. मुलं शोधत बसतील आणि लांब नाक, बारीक दाढी असं काहीतरी लिहितील.

अर्कचित्रण विचारायचं असेल तर डेव्हिड लो यांचं २० सप्टेंबर १९३९ चं चित्र घ्या. हिटलर आणि स्टॅलिन एकमेकांना लवून, टोप्या काढून अभिवादन करताहेत आणि मध्ये पोलंडचं प्रेत पडलं आहे. तिथे हिटलरची कपाळावरची बट, मिशी, स्टॅलिनच्या भरघोस मिशा नुसत्या ओळखीपुरत्या नाहीत. ते दोन चेहरे आणि तो अदबीचा वाकलेला कणा यांच्यातला विरोध हेच त्या चित्राचं बोलणं आहे.

दौतटाक
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग ‘अर्कचित्रण’ काढते आणि ‘देशाला माणसाचं रूप का दिलं असावं’ असं विचारते.

कुंचला
छान. आणि ‘व्यंगचित्र’ या नावातच थोडी फसगत आहे हेही सांगावंसं वाटतं. व्यंग म्हणजे शारीरिक उणीव आणि व्यंग्य म्हणजे सुचवलेला अर्थ, हे संस्कृतात दोन वेगळे शब्द. मराठीत लिहिताना दोन्ही ‘व्यंग’मध्ये मिसळले. मुलं पहिला अर्थ धरतात आणि वाकडं नाक शोधतात. या चित्राला दुसराच लागू आहे.

गिरीश
खिंडाराचं राहिलं. मला शब्द आवडला, जोरकस आहे.

पाटीपेन्सिल
जोरकस आहे म्हणूनच नको. खिंडार पडतं ते उभ्या भिंतीला. आधी सगळं धड होतं, मग कोसळलं. इथे दगड अजून बसलेलाच नाही. तारीख पाहा : डिसेंबर १९१९. राष्ट्रसंघ रीतसर अस्तित्वात आला १० जानेवारी १९२० ला. सिनेटने तहावर पुन्हा मतदान केलं १९ मार्च १९२० ला, तेव्हा बाजूने ४९ आणि विरोधात ३५ मतं पडली, दोन-तृतीयांशाला सात कमी. म्हणजे चित्र काढलं तेव्हा दार पुरतं बंद झालेलं नव्हतं. ‘खिंडार’ म्हटलं की मुलं लिहिणार : अमेरिका नव्हती म्हणून संघ कोसळला आणि दुसरं महायुद्ध झालं. चित्रकाराला १९३९ दिसत नव्हतं. त्याला दिसत होतं ते अपुरं बांधकाम आणि शेजारी पडलेला दगड.

‘पुलातली रिकामी जागा’ ठेवा. साधं आहे, पण काळ बरोबर सांगतं.

निळी शाई
पण मधल्या दगडाशिवाय कमान उभी राहते कशी? खालचा आधार काढला की पडते ना?

कुंचला
पडते. कागदावर मात्र ती तरंगत ठेवता येते. ही संघाची कीव आहे की थट्टा, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. चार देशांचे दगड इतके नेटके काढलेत की कीव वाटते, आणि पूल मधोमध इतका अधांतरी की थट्टाही वाटते.

पाटीपेन्सिल
मला थट्टा दिसत नाही. त्या चार दगडांत इंग्लंड आहे आणि साप्ताहिक ब्रिटिश आहे. आपला दगड जागेवर आहे, खोळंबा दुसऱ्याचा आहे, हे सांगणारं चित्र आहे. हा कल उत्तरात यायला हवा.

गिरीश
पण मग ब्रिटिशांनी स्वतःलाच नेटकं दाखवलं, हेही मुलांना विचारायला हवं.

दौतटाक
घेते. आता प्रश्न असा झाला : ‘मधला दगड आणि अंकल सॅमची बसण्याची ढब यांतून काय सुचवले आहे? चित्रकाराच्या टीकेचा रोख कोणावर आहे? चित्रातील किमान दोन पुरावे द्या. चित्र ब्रिटिश साप्ताहिकातील आहे, याचा त्याच्या मांडणीवर काय परिणाम दिसतो?’ उत्तरसूचीत ‘अमेरिका’ लिहिते आणि विल्सन यांच्यासमोर ‘पाटीचा आधार दिल्यास ग्राह्य’ अशी नोंद करते. ‘ढब’ आठवीच्या मुलांना कळेल ना?

अनघा
माझ्या मुलाला विचारून सांगते.