रक्कमेचा कॉलम ठेवायचा की एका सूत्रात बेरीज करायची?

मृण्मयी_ठाणे

आमच्या बचत गटाच्या फराळाच्या ऑर्डरी मी शीटमध्ये ठेवते. ए कॉलममध्ये पदार्थ, बीमध्ये किलो, सीमध्ये किलोचा भाव. आधी डीमध्ये प्रत्येक ओळीची रक्कम होती. ती काढून टाकली आणि खाली एकच सूत्र ठेवलं:

```
=SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)
```

उत्तर आलं २६,३२०. शीट सुटसुटीत झाली म्हणून मी खूश, पण हिशोब बघणाऱ्या काकू म्हणतात, "माझा कॉलम परत आण, नाहीतर मी सही करणार नाही." यादी अशी:

| पदार्थ | किलो | भाव |
|---|---|---|
| भाजणीची चकली | १२ | ५२० |
| शंकरपाळी | ८ | ४०० |
| पोह्यांचा चिवडा | १५ | ३६० |
| बेसन लाडू | ६.५ | ६४० |
| करंजी | ९ | ६०० |
| अनारसे | २.५ | ८०० |
| कडबोळी | ४ | ४८० |

काकूंना कसं पटवू?

एकसूत्री

काकूंना सांगा, सूत्र तेच करतं जे त्या वहीत करतात: ओळीतला किलो गुणिले त्याच ओळीतला भाव, आणि मग सगळ्यांची बेरीज. फक्त मधली उत्तरं कुठे लिहून ठेवत नाही. सात ओळी असोत की सातशे, खाना एकच. डी कॉलममध्ये कुणीतरी चुकून एखाद्या सूत्रावर आकडा टाइप करतं आणि मग ती ओळ कायमची गोठते, भाव बदलला तरी रक्कम हलत नाही. हे मी तीन ऑफिसांत पाहिलंय. खानाच नसेल तर बिघडणार काय?

सोलापूरचा_पाहुणा

एवढी भानगड कशाला? किलोंची बेरीज करा, भावांची बेरीज करा, गुणा. दोन बेरजा तर कुणालाही येतात.

एकसूत्री

पाहुणे, करून बघितलंत का? किलो ५७, भावांची बेरीज ३,८००. गुणाकार २,१६,६००. एवढ्यात ताई फराळाचा कारखाना टाकतील.

सोलापूरचा_पाहुणा

बरं, भावांची सरासरी काढून गुणा. ३,८०० भागिले ७, म्हणजे ५४३ च्या आसपास. गुणिले ५७.

जमाखर्च

त्यानं जवळजवळ ३०,९४० येतात, तेही चूकच. अनारशाचा भाव ८००, पण किलो अडीचच. चिवड्याचा ३६०, पण किलो १५. साध्या सरासरीत दोघांचं वजन सारखं धरलं जातं.

पण पाहुण्यांचं राहू द्या. मृण्मयीताई, तुम्ही दिलेली यादी मी कागदावर केली. ६,२४०, ३,२००, ५,४००, ४,१६०, ५,४००, २,०००, १,९२०. बेरीज २८,३२०. तुमचं सूत्र २६,३२० सांगतंय. बरोब्बर दोन हजारांनी कमी, आणि दोन हजार ही अनारशांची रक्कम. `B6` नाही, `B7` वर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत काय दिसतं ते सांगा.

मृण्मयी_ठाणे

अरे देवा. तिथे `2.5 किलो` असं लिहिलंय. ती ऑर्डर फोनवर आली तेव्हा वहिनींनी टाकली होती. बाकी सगळे आकडे खान्यात उजवीकडे आहेत, हाच एक डावीकडे चिकटलाय. आता पाहिल्यावर दिसतंय.

जमाखर्च

तेच. "किलो" लिहिलं की शीटच्या लेखी तो आकडा उरत नाही, मजकूर होतो. आणि स्वल्पविराम देऊन लिहिलेलं हे सूत्र मजकुराला मुकाट्यानं शून्य धरतं. तक्रार नाही, लाल खूण नाही. अडीच किलो अनारसे फुकट गेले आणि शीट हसतमुख.

आता तुमचा जुना डी कॉलम असता तर? `D7` मध्ये `=B7*C7` असतं. तिथे `#VALUE!` आलं असतं, खालची बेरीजही मोडली असती, आणि नेमकी कुठली ओळ ते बोट ठेवून दाखवता आलं असतं. एकसूत्री म्हणतात "खानाच नसेल तर बिघडणार काय". बिघडतं, फक्त दिसत नाही. काकूंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

घाटावरचा

मग स्वल्पविराम काढा आणि गुणाकाराचं चिन्ह टाका, प्रश्न संपला:

```
=SUMPRODUCT(B2:B8*C2:C8)
```

आता `2.5 किलो` असेल तर सूत्र लगेच `#VALUE!` देतं. डी कॉलमही नको आणि गप्प बसणंही नको. मी नेहमी असंच लिहितो.

जमाखर्च

अर्धं बरोबर आहे. एरर येईल, पण कुठल्या ओळीमुळे ते सांगणार नाही. सात ओळींत शोधाल, दोनशेत बसाल चष्मा लावून. दुसरं, एखाद्यानं `'2.5` असं आधी अवतरणचिन्ह देऊन टाकलं असेल, तर तो मजकूरच आहे, पण गुणाकार त्याला ओढून आकडा करतो आणि बेरजेत धरतो. तोच खाना स्वल्पविरामवाल्या सूत्रात शून्य. म्हणजे एकाच यादीवर दोन सूत्रं दोन उत्तरं देणार. आणि पट्टा चुकून पहिल्या ओळीपासून घेतला, तर "किलो" हे शीर्षकच गुणायला जाईल आणि गुणाकाराचं सूत्र मोडेल. स्वल्पविरामवालं मात्र ते शून्य धरून पुढे जातं. दोघांचे स्वभाव वेगळे आहेत, एक दुसऱ्यापेक्षा सुरक्षित आहे असं नाही.

एकसूत्री

मान्य, मजकुराचं मला सांगायला हवं होतं. पण त्यासाठी आख्खा कॉलम कशाला? शेजारी एक पहारेकरी ठेवा:

```
=COUNTA(B2:B8)-COUNT(B2:B8)
```

पहिला भाग भरलेले खाने मोजतो, दुसरा फक्त आकडे असलेले. वजाबाकी शून्य आली तर सगळे आकडेच आहेत. ताईंच्या शीटमध्ये १ येईल. सी कॉलमलाही असंच एक. आणि वहिनींना "किलो" दिसायलाच हवं असेल, तर ते टाइप करू नका, खान्याचं फॉरमॅट `0.0 "किलो"` करा. आत २.५ राहतो आणि दिसतं "२.५ किलो".

मृण्मयी_ठाणे

पहारेकरी लावला, १ आला. खाना नीट केला, ० झाला आणि बेरीज २८,३२०. फॉरमॅटही केलं, फक्त माझ्याकडे आकडा इंग्रजीत दिसतो. चालेल.

जमाखर्च

छान. पण पहारेकऱ्याला पट्टा सरकलेला कळत नाही, एकसूत्री. समजा कुणी `=SUMPRODUCT(B2:B8,C3:C9)` लिहिलं. दोन्ही पट्टे सात-सात खान्यांचे, म्हणून सूत्र तक्रार करणार नाही. एक पट्टा सात आणि दुसरा आठ खान्यांचा असता तर `#VALUE!` आलं असतं. इथे मात्र चकलीचे किलो गुणिले शंकरपाळीचा भाव, शंकरपाळीचे किलो गुणिले चिवड्याचा, असं सरकत गेलं आणि कडबोळीला रिकामा खाना मिळाला. मी केलं: २९,५८० येतात. खरं उत्तर २८,३२०. कोण ओळखणार हो? आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो. रक्कमेचा कॉलम असेल तर चकलीसमोर ४,८०० दिसले की काकूच ओरडतील, "बारा किलो चकली चार हजार आठशेला?"

एकसूत्री

पट्टा सरकवणारा माणूस डी कॉलममध्येही `=B2*C3` लिहून खाली ओढेलच की.

जमाखर्च

लिहील. पण ते ओळीत दिसेल.

येवल्याचा_हार्डवेअरवाला

माझं वेगळंच दुखणं आहे, इथेच विचारतो. दुकानाच्या मालाची यादी, ३०० ओळी. एका कॉलममध्ये "आले" किंवा "यायचे". मी फिल्टर लावून फक्त "आले" ठेवतो, तर हे सूत्र आकडा बदलतच नाही. आधी वाटलं शीट बिघडली. लपलेल्या ओळीपण मोजतंय का हे?

जमाखर्च

मोजतंय. त्याला फिल्टरशी घेणंदेणं नाही. रक्कमेचा कॉलम असेल तर खाली `=SUBTOTAL(109,D2:D301)` लिहा, फिल्टर बदलला की बेरीज बदलेल. हे आणखी एक कारण कॉलम ठेवण्याचं, असं मी नम्रपणे नोंदवतो.

एकसूत्री

नम्रपणे! येवलेकर, फिल्टरच लावू नका. "आले" ही अट सूत्रातच घाला. समजा ती ई कॉलममध्ये आहे:

```
=SUMPRODUCT((E2:E301="आले")*B2:B301*C2:C301)
```

जिथे "आले" तिथे १, नाहीतर ०. अट मात्र गुणाकारानंच जोडा. एक्सेलमध्ये स्वल्पविरामानं जोडलीत तर पूर्ण उत्तर शून्य येतं, कारण खरं-खोटं हे त्याच्या लेखी आकडे नाहीत.

येवल्याचा_हार्डवेअरवाला

चाललं. पण तीन ओळी सुटतायत. "आले" लिहिलंय तरी.

घाटावरचा

शेवटी एक स्पेस असेल. माझा पुतण्या प्रत्येक शब्दानंतर स्पेस देतो, सवयच आहे.

येवल्याचा_हार्डवेअरवाला

दोनात स्पेस निघाली. तिसरी अजून सापडली नाही, उद्या दुकानात बघतो.

मृण्मयी_ठाणे

मला अजून एक विचारायचंय. काल आठव्या ओळीखाली चिरोट्यांची ऑर्डर टाकली, ३ किलो. बेरीज हलली नाही.

एकसूत्री

सूत्र `B8` पर्यंतच बघतंय म्हणून. बेरीज वर किंवा बाजूला न्या आणि पट्टे `B2:B200`, `C2:C200` करा. रिकामे खाने शून्य धरले जातात, त्रास देत नाहीत. फक्त बेरजेचा खाना त्याच पट्ट्यात येऊ देऊ नका, नाहीतर सूत्र स्वतःलाच मोजू बघेल. पहारेकऱ्याचा पट्टाही तेवढाच वाढवा.

मृण्मयी_ठाणे

ठरवलं. डी कॉलम परत आणला, कारण ग्राहकाला चिठ्ठीत प्रत्येक पदार्थाची रक्कम लिहावीच लागते, ते मी विसरलेच होते. डीची बेरीज एका खान्यात, एकसूत्रींचं सूत्र त्याच्या शेजारी, आणि दोघांतला फरक तिसऱ्यात. काकूंनी फरक ० बघितला आणि सही केली. पण वर म्हणाल्या, "हे दुसरं कशाला ठेवलंस?"

एकसूत्री

आता मी सही करणार नाही.