बॅकअपमधून डेटा खरंच परत येतो का, हे तपासायचं कसं?

हिशेबवही: कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. टॅली आणि एक्सेलचा सगळा डेटा एकाच पीसीवर असतो, बाकीचे नेटवर्कवरून वापरतात. रात्री बॅच फाइल robocopy ने तो बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकते आणि शेवटी BACKUP OK येतं. पण तो परत आणून कोणी पाहिलेला नाही. चालू डेटाला धक्का न लावता कसं बघू?

सागरगोटा: मी फोटो ड्राइव्हवर टाकतो, आपोआप होतं. डोक्याला ताप नाही.

नानिवडेकर: ते OK येतं कुठून? शेवटी नुसती echo ओळ असेल तर कॉपी फसली तरी ती छापली जाणारच. robocopy च्या लगेच खाली हे टाका:

```
if errorlevel 8 echo BACKUP FAIL
```

8 किंवा जास्त म्हणजे काहीतरी कॉपी व्हायचं राहिलं. 1 आला तर फाइली नीट गेल्या.

आता रिस्टोअर. दुसऱ्या पीसीवर रिकामा फोल्डर करा, डिस्कवरून कंपन्यांचे फोल्डर तिथे आणा आणि टॅलीला तोच डेटा पाथ द्या. मूळ जागी काही टाकू नका, चालू डेटाच पुसला जाईल. काल ज्यात एंट्र्या झाल्या ती कंपनी उघडा. ट्रायल बॅलन्सची बेरीज आणि शेवटचा व्हाउचर नंबर काल संध्याकाळी लिहून ठेवलेल्याशी जुळवा. सोबत खोल फोल्डरातली एखादी जुनी एक्सेलही उघडा.

कोरडा_पाऊस: एवढं कशाला? दोन्हीकडे certutil -hashfile चालवा. हॅश जुळला की झालं.

नानिवडेकर: कॉपी तंतोतंत आहे एवढंच कळेल. मुळातली फाइल बिघडलेली असेल तर बिघाडही तंतोतंत येतो. आणि चालू टॅलीच्या फाइली सकाळी बदलल्या की हॅश जुळणारच नाही.

हिशेबवही: आज केलं. डिस्क दुसऱ्या पीसीला लावताच बिटलॉकरने पासवर्ड मागितला. तो फक्त सरांना माहीत, ते गावाला. फोन करून घेतला. एक्सेल उघडल्या, दोन कंपन्या जुळल्या. तिसरी उघडताना एरर. लॉगमध्ये तिच्या काही फाइलींपुढे ERROR 32 आहे.

नानिवडेकर: ती फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवली होती. रात्री कोणीतरी टॅली उघडी ठेवून गेलंय. त्यामुळे डिस्कवर त्या कंपनीच्या काही फाइली आजच्या, काही आधीच्या, अशी खिचडी झाली. सगळीकडे टॅली बंद करून पुन्हा कॉपी घ्या आणि तीच कंपनी परत उघडून बघा. बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की छापून कपाटात ठेवा.

कोरडा_पाऊस: शॅडो कॉपी वापरा, मग उघडी असली तरी चालेल.

नानिवडेकर: फाइल कॉपी होईल, पण अर्धवट लिहिलेली एंट्री त्या क्षणी जशी असेल तशीच येईल. टॅलीच्या बाबतीत माझा विश्वास नाही बसत.

हिशेबवही: लॉगमध्ये मागे जाऊन पाहिलं, हीच कंपनी आणखी काही रात्री अडलीय. रोज बंद करायला लावणं कठीण, एकजण उशिरापर्यंत बसतो. बॅकअपची वेळ पहाटे ढकलली तर?

नानिवडेकर: तो टॅली उघडी टाकूनच घरी जात असेल तर पहाटेही तेच.