मदत हवी आहे: मुख्याध्यापिकांना अर्ज बरोबर आहे का?

धाकट्याच्या हृदयातलं छिद्र बुजवायचं ऑपरेशन 14 तारखेला पुण्यात आहे. नेमका त्याच दिवशी थोरलीचा सातवीचा गणिताचा सहामाही पेपर. तिला ठेवायला गावात कुणी नाही, आणि तोही ताईचा हात सोडत नाही. एवढं लिहिलंय:

“सविनय अर्ज की, धाकट्या मुलाच्या शस्त्रक्रियेमुळे माझी मुलगी 14 व 15 तारखेच्या गणित व विज्ञानाच्या पेपरांना बसू शकणार नाही. तिचे हे पेपर 22 तारखेनंतर घ्यावेत, ही विनंती. डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे.”

सर्दी-ताप आला तर ऑपरेशन पुढे जाईल, असं डॉक्टर म्हणालेत. तेही अर्जात लिहू का? आधी वर्गशिक्षिकांना भेटू का? दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच मागितली तर चालेल ना? कुणी असा अर्ज दिला असेल तर प्लीज सांगा.