मदत हवी आहे: पीलमध्ये मुलं तिसऱ्या पायरीवर अडकतात

पारोळ्याची_बाई
उद्या तिसरा तास आहे, लवकर सांगा. पील शिकवतेय, म्हणजे उत्तराचा परिच्छेद मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण आणि जोड अशा चार पायऱ्यांनी लिहायचा. मुद्दा येतो, पुरावा येतो, पण स्पष्टीकरण म्हटलं की पोरं पुरावाच परत लिहितात. तक्ता करून भिंतीवरही लावला. काय करू?

तापीकाठ
कितवीचा वर्ग? उतारा कोणता? मुलांनी लिहिलेलं एखादं उत्तर टाका ना. नुसतं 'येत नाही' म्हटल्यावर काय सांगणार?

भरीतवाला_भो
चार पायऱ्या, चार वाक्यं, विषय संपला. माझ्या क्लासात रिकाम्या जागांचा साचा देतो. 'माझ्या मते... कारण... यावरून दिसते की... म्हणून...' पोरं पटापट भरतात.

पारोळ्याची_बाई
सहावी, मराठी माध्यम, 41 पोरं. उतारा चिऊ-काऊची गोष्ट, सगळ्यांना येते म्हणून घेतली. प्रश्न 'चिऊ वाईट का?' भो, तुमच्यासारखाच साचा दिला होता. हे बघा काय आलं:

'माझ्या मते चिमणी वाईट होती. कारण ती म्हणाली, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. यावरून दिसते की तिने कावळ्याला थांबवले. म्हणून चिमणी वाईट होती.'

निवृत्त_हेडसर
आमच्या वेळी असली इंग्रजी थेरं नव्हती. प्रस्तावना, मध्य, शेवट. मुलं झकास निबंध लिहायची.

तापीकाठ
सर, निबंध वेगळा. इथे गोष्टीतल्या शब्दांवरून आपलं म्हणणं पटवायचंय.

बाई, पोराचं तिसरं वाक्य म्हणजे दुसरंच आहे, फक्त कपडे बदललेलं. त्याच्या डोक्यात 'थांब म्हणाली म्हणजे वाईटच' हे इतकं पक्कं आहे की ते सांगायची गरजच त्याला वाटत नाही. 'स्पष्ट कर' म्हणून ते बाहेर यायचं नाही, त्याला अडवावं लागेल. उद्या विचारा, 'मी तुम्हाला रोज थांब म्हणते, मग मी वाईट का?' कुणीतरी उसळून म्हणेल, 'पण बाहेर पाऊस होता ना! अंघोळ नंतर घालता आली असती.' तेच स्पष्टीकरण. फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहा.

दुसरं, प्रश्न बदला. 'वाईट का' म्हटलं की मुद्दा तुम्हीच देऊन टाकलात. 'चिऊचं वागणं बरोबर होतं का?' असं विचारा आणि 'थांब' हा एकच पुरावा दोन्ही बाजूंना द्या. अर्ध्या वर्गाचं असं होईल: 'चिऊचं वागणं चुकलं. कावळा पावसात भिजत असताना ती थांब, बाळाला अंघोळ घालू दे म्हणते. दार उघडायला क्षणभर पुरला असता आणि अंघोळ नंतरही झाली असती. म्हणजे तिला त्याच्या भिजण्यापेक्षा आपलं काम मोठं वाटलं.' उरलेला अर्धा वर्ग म्हणेल, ती 'नाही' म्हणालीच नाही, 'थांब' म्हणाली. घरात तान्हं बाळ, ती एकटी, हातातलं काम सोडता येईना. पुरावा तोच आणि मुद्दे उलटे, हे दिसलं की मधलं वाक्य का लागतं ते पोरांना कळतं.

भो, चार वाक्यांचा हिशोब इथेच फसतो. पुरावा अर्ध्या ओळीचा चालतो, स्पष्टीकरणाला दोन-तीन वाक्यं लागतात.

भरीतवाला_भो
साचा नसला तर कच्ची पोरं कोरा कागद देतात, तेव्हा कुठे जाऊ?

तापीकाठ
साचा ठेवा, फक्त 'यावरून दिसते की' काढा. तिथे 'तिला हवं असतं तर...' घाला. मग पुरावा परत लिहिताच येत नाही. आणि शेवटची जोड सध्या सोडून द्या. एकाच परिच्छेदात ती नुसती मुद्द्याची नक्कल होते.

आसोदेकरीण
आमच्या आजीच्या गोष्टीत चिऊ काऊला तापल्या तव्यावर बसवते. ती वाईटच!

तापीकाठ
म्हणूनच गोष्ट छापून पोरांपुढे ठेवा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या आजीचा पुरावा आणेल.

जामनेरकर
माझ्या मुलाची दहावी आहे. पत्रलेखनात हे पील चालतं का? तारीख डावीकडे लिहायची की उजवीकडे?

पारोळ्याची_बाई
तास झाला. 'मी वाईट का' विचारल्यावर पोरं आधी नुसतीच हसली. मग मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी पोरगी म्हणाली, 'मंग दार का बरं उघाडं नही तिनी?' तिथून वर्ग सुटलाच. लिहिताना मात्र तिचा कागद पुन्हा पुस्तकी झाला, 'चिमणीने सहकार्य केले नाही.' अहिराणीतच लिही म्हणू का?

निवृत्त_हेडसर
अजिबात नको. परीक्षा प्रमाण मराठीत असते.

तापीकाठ
कच्चा खर्डा अहिराणीत, पक्का मराठीत. आधी विचार तर उतरू दे कागदावर.

निवृत्त_हेडसर
41 मुलांचे दोन-दोन कागद तपासणार कोण?

जामनेरकर
तारखेचं कुणी सांगेल का?