‘म्हणे’ला इंग्रजीत काय म्हणावं?

भाषांतरवेडी

एका मराठी दैनिकातल्या उपरोधिक सदराचं इंग्रजी भाषांतर करते आहे. परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वाचनसंग्रहात ते जाणार आहे. लेख १८ नोव्हेंबर २०१६ चा, म्हणजे नोटबंदी जाहीर झाल्यावर दहा दिवसांनी छापलेला. लेखकाची परवानगी आहे. अडले आहे ती या परिच्छेदात:

> शेजारचे अण्णा चार दिवस रांगेत होते. काल खिडकीपर्यंत पोहोचले. उजव्या तर्जनीला शाई लागली आणि रोकड संपली. मतदानाला ते आजवर कधी गेले नव्हते. ती उणीव सरकारने भरून काढली. नव्या नोटेत म्हणे चिप आहे. जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसते. अण्णांना मात्र ती अजून जमिनीवरही दिसलेली नाही.

‘म्हणे’साठी मी ‘सपोज्डली’ घातलं. मसुदा परदेशातल्या एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिला लेख आवडला, पण ती म्हणाली, ‘चिपची कल्पना छान सुचली आहे लेखकाला. आणि त्या बिचाऱ्या आजींचं वाचून वाईट वाटलं.’ आजी कुठून आल्या ते आधी कळेचना. मग ट्यूब पेटली: ‘अण्णा’ रोमन लिपीत लिहिलं की ते बाईचं नाव होतं! ते दुरुस्त करता येईल. चिपचं मात्र फार लागलं मनाला. या एका शब्दाला इंग्रजीत नेमकं काय आहे?

सरळमार्गी

‘अलेजेडली’. वर्तमानपत्रात सिद्ध न झालेल्या गोष्टीला तोच शब्द लावतात. ‘म्हणे’चा अर्थही तोच, ऐकीव आणि खात्री नसलेलं. बाकी शाई, रांग, चिप यांना तळटीपा द्या, म्हणजे काम झालं.

जुना मुद्रितशोधक

ऐकीव हे बरोबर, पण खात्री नसलेलं हे पूर्ण बरोबर नाही. ‘त्यांची मुलगी म्हणे पहिली आली’ या वाक्यात शंका आहे का? नाही. बोलणारा एवढंच सांगतो की हे मी पाहिलेलं नाही, कानावर आलं आहे. शंका आत शिरते ती आवाजातून किंवा पुढच्या वाक्यातून. इथे ‘म्हणे’ स्वतः साधाभोळा आहे. त्याची खोड काढतं ते ‘जमिनीवरही दिसलेली नाही’ हे वाक्य, आणि ते दोन वाक्यांनंतर येतं. ‘सपोज्डली’ किंवा ‘अलेजेडली’ घातलंत की लेखकाने आधीच डोळा मिचकावला. मग शेवटच्या वाक्याला करायला काही उरत नाही. शिवाय ‘अलेजेडली’ला कोर्टाचा वास आहे, कुणीतरी गुन्हा केल्यासारखा.

पण मैत्रिणीचा गोंधळ त्याहून खोल आहे. चिपची अफवा खरोखर पसरली होती. दोन हजाराच्या नोटेत चिप आहे आणि ती १२० मीटर खोलवरूनही सापडते, हे काही वृत्तवाहिन्यांनीही गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं. म्हणजे लेखकाने तिथे स्वतःचं काहीच घातलेलं नाही, आकडासुद्धा नाही. उलट ‘शाई लागली आणि रोकड संपली’ ही बहुधा त्याची रचना असावी. मैत्रिणीने नेमकं उलटं वाचलं. जे जगात घडलं ते तिला कल्पना वाटलं आणि कल्पना होती ती बातमी वाटली. मराठी वाचकाला ही सीमारेषा ‘म्हणे’ दाखवतो: इथून पुढचं माझं नाही, लोकांचं आहे. हे काम इंग्रजीत कुणाकडे तरी सोपवावं लागेल. ते एकाच शब्दाने झालं पाहिजे असं नाही.

काउंटरवाला

मी त्या दिवसांत एका बँकेच्या शाखेत काउंटरवर होतो, म्हणून लिहितो. शाई लावून हात हलवत परत पाठवलं असं आमच्याकडे एकदाही झालं नाही. शाई खिडकीवरच लावायची, उजव्या तर्जनीला, पैसे देताना. रोकड संपत आली की आम्ही आधीच बाहेर रांगेला सांगायचो. लोक चिडायचे, आम्हीही जेवायला उठत नव्हतो. शाईची घोषणा १५ नोव्हेंबरला झाली आणि २४ नोव्हेंबरनंतर काउंटरवर जुन्या नोटा बदलून देणंच बंद झालं. परदेशी मुलांना हे खरं वाटणार असेल तर ते वाक्य बदला. आमच्यावर अन्याय होतो.

भाषांतरवेडी

काका, तुमचं म्हणणं पटतं, पण वाक्य लेखकाचं आहे, ते मी बदलू शकत नाही. फार तर ते वृत्तांत म्हणून वाचलं जाणार नाही याची काळजी घेऊ शकते. उजव्या हाताचा तपशील मात्र माझ्या लक्षातच आला नव्हता. मी नुसतं ‘बोट’ लिहिलं होतं.

जुना मुद्रितशोधक

उजवी तर्जनी सोडू नका, तिच्यात मेख आहे. मतदानाची शाई डाव्या तर्जनीला लागते. १९ नोव्हेंबरला काही राज्यांत पोटनिवडणुका होत्या, आणि मतदारांचा घोळ होऊ नये म्हणून निवडणूक आयोगाने या शाईबद्दल अर्थ मंत्रालयाकडे काळजी कळवली होती. लेख आहे त्याच्या आदल्या दिवसाचा. त्या वेळच्या वाचकाला ‘उजव्या’ शब्दावरच हसू आलं असेल.

पण तुमच्या विद्यार्थ्यांना भारतात मत दिल्यावर बोटाला शाई लावतात हेच ठाऊक नसेल, तर पुढचं ‘उणीव भरून काढली’ हवेत जातं. म्हणून माहिती विनोदाच्या आधी पोचली पाहिजे, नंतर नाही. तळटीप नेहमी नंतर वाचली जाते, म्हणून तिने काम होत नाही. शाईच्याच वाक्यात पाच-सहा शब्द सरकवा: ‘आम्ही मतदारांना लावतो तीच शाई’. लेखकाने मराठी वाचकासाठी ते लिहिलं नाही कारण गरज नव्हती. पण ते वाक्य त्याच्याच आवाजात बसतं, कुणी मध्येच समजावून सांगतो आहे असं वाटत नाही.

डावा-उजवा भेद मात्र असा सरकवता येणार नाही. तेवढं परदेशी वाचकासाठी जाऊ द्यावं असं मला वाटतं.

सरळमार्गी

जाऊ द्यायचं? मग ते ‘जतन करणं’ कसलं? मथळ्याखाली दोन ओळींचं निवेदन द्या आणि त्यात डावा-उजवाही सांगा.

जुना मुद्रितशोधक

निवेदनाला माझी हरकत नाही, तारीख तर हवीच. आठ नोव्हेंबरला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, लोक बँकांपुढे रांगा लावून उभे होते, एकच माणूस पुन्हा येऊ नये म्हणून बोटाला शाई लावत होते. इतकंच. निवेदनात फक्त घटना सांगाव्यात, गंमत कुठे आहे ते सांगू नये. डावं बोट तिथे लिहिलंत तर वाचक उजव्या बोटाची वाट पाहत लेखात शिरेल.

भाषांतरवेडी

निवेदन तसंच लिहिते. ‘ती उणीव भरून काढली’साठी मी ‘सो द गव्हर्न्मेंट डिड इट फॉर हिम’ केलं होतं. मजा जाते का?

जुना मुद्रितशोधक

जाते. ‘उणीव भरून काढणे’ ही सरकारी प्रसिद्धिपत्रकाची भाषा आहे. लेखक सरकारच्याच तोंडची भाषा सरकारला परत करतो. इंग्रजीतही कचेरीचीच भाषा हवी: ‘द गव्हर्न्मेंट हॅज नाऊ रेमिडीड द डेफिशियन्सी’. आवाज जितका सपाट आणि कागदी, तितका उपरोध टिकतो. उद्गारचिन्ह बिलकूल नको.

काउंटरवाला

हे चांगलं आहे. मला आवडलं, आमच्यावर असूनही.

पुन्हा शिकणारी

मध्येच विचारते. कॉलेजात आम्हाला ‘इट सीम्स’ शिकवलं होतं. ‘इट सीम्स द न्यू नोट हॅज अ चिप.’ आम्ही घरी असंच बोलतो.

जुना मुद्रितशोधक

आपल्याकडच्या इंग्रजीत तो अगदी ‘म्हणे’च आहे, आणि भारतीय वाचकांसाठीचा संग्रह असता तर मी तोच निवडला असता. पण बाहेरचा वाचक ‘इट सीम्स’ वाचतो तेव्हा त्याला वाटतं लेखकाने स्वतः विचार करून काढलेला निष्कर्ष आहे. म्हणजे अफवा पुन्हा लेखकाच्याच गळ्यात. ‘अ‍ॅपरंटली’ त्यापेक्षा बरा, हलका आहे. ‘वुई आर टोल्ड’ मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात सांगणारा कुणीतरी दुसरा आहे आणि ऐकणाऱ्याच्या वागण्यात खोटा आदर आहे.

सरळमार्गी

मग थेट ‘बातम्यांत सांगतात’ करा ना. खरंच वाहिन्यांनी सांगितलं होतं.

जुना मुद्रितशोधक

त्याने अफवा खरी होती हे चटकन कळेल, मान्य. पण मूळ लेखात वाहिनीचं नाव नाही. ते घातलंत की टोला वाहिन्यांना बसतो, आणि लेखकाने तो त्यांना मारलेला नाही. मी घालणार नाही. दुसरा अनुवादक घालेल, आणि त्याला अगदीच चूक म्हणता येणार नाही.

भाषांतरवेडी

लेखकाला फोन केला. विचारलं, हे ‘म्हणे’ कुणाचं? त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, ‘रांगेतल्या लोकांचं. टीव्ही मी त्या आठवड्यात पाहिलाच नाही. चार तास उभा होतो तेव्हा मागच्या माणसाने मला चिपची गोष्ट सांगितली, अगदी १२० मीटरसकट.’

म्हणून आता असं केलं आहे: ‘वर्ड इन द क्यू इज दॅट द न्यू नोट हॅज अ चिप.’ पुढे उपग्रहाचं वाक्य, आणि मग ‘अण्णा हॅज येट टू सी वन अबव्ह ग्राउंड’. पहिल्याच वाक्यात अण्णांना ‘निवृत्त कारकून’ केलं आणि लगेच पुल्लिंगी सर्वनाम आणलं. लेखकाने ‘कारकून’ला हो म्हटलं, अण्णा खरेच कारकून होते.

नवा मसुदा दुसऱ्या एका वाचकाला दिला. हसू आलं का, असं विचारलं नाही. चिप कुणी शोधून काढली आणि टोला कुणाला आहे, एवढंच विचारलं. उत्तर आलं: रांगेतल्या लोकांनी, आणि सरकारला.

जुना मुद्रितशोधक

रांग उत्तम. परिच्छेदाच्या सुरुवातीची रांगही तिला येऊन मिळते. ‘वुई आर टोल्ड’मधला तो खोटा आदर मात्र गेला, त्याची थोडी हळहळ वाटते. आणि त्या वाचकाला शाई लावून रोकड संपली हे घडलेलं वाटलं की रचलेलं?

भाषांतरवेडी

घडलेलं वाटलं. ते अजून सुटलेलं नाही.

काउंटरवाला

तेच तर म्हणत होतो.